धागा : दालमिलच्या प्रस्तावाची सारांश स्लाइड – बँकेच्या साहेबांना एका नजरेत काय दिसले पाहिजे?

तूरवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी दारव्हा तालुक्यातील आहे आणि तुरीची डाळ तयार करण्याचा छोटा कारखाना उभारण्यासाठी आम्ही एका बँकेकडे प्रस्ताव दिला आहे. प्रकल्प अहवाल बासष्ट पानांचा आहे. शाखाधिकाऱ्यांनी सांगितले की प्रादेशिक कार्यालयातील कर्ज विभागाचे मुख्य व्यवस्थापक अहवाल उघडण्याआधी एकच पान पाहतात, म्हणून सुरुवातीला एक्झिक्युटिव्ह समरीची स्लाइड जोडा. मी ती केली, परंतु त्यांनी ती पाहून विचारले, "नेमके किती हवे आहेत, आणि परत कसे येणार?" दोन्ही उत्तरे स्लाइडवर होती, तरीही त्यांना ती दिसली नाहीत.

स्लाइडवरील मजकूर असा होता. शीर्षक "एक्झिक्युटिव्ह समरी". त्याखाली मुद्दे: कंपनीची स्थापना व नोंदणी, सभासद ४१२, संचालक मंडळ, ध्येय व उद्दिष्ट, तालुक्यातील तुरीचे क्षेत्र, यंत्रसामग्रीची यादी, यंत्राची क्षमता, शासकीय योजनांचा लाभ, एकूण खर्च ५६ लाख (स्वतःचे १४ लाख, मुदत कर्ज ४२ लाख), खेळते भांडवल ४० लाख, अपेक्षित नफा, आणि शेवटी गावातील महिलांना मिळणारा रोजगार. अक्षराचा आकार चौदा पॉइंट. काय काढावे आणि काय ठेवावे, हे कृपया सांगावे.

कारंजा_डीटीपी
भाऊ, मी कारंजा येथे डीटीपी आणि झेरॉक्सचे दुकान चालवतो आणि अशा स्लाइडी नेहमीच करून देतो. तुमची अडचण सरळ मांडणीची आहे. बारा मुद्दे एकाखाली एक लिहिले की कोणीही वाचत नाही. हिरव्या रंगाची पार्श्वभूमी घ्या, डाव्या बाजूला डाळीचा चांगला फोटो लावा, प्रत्येक मुद्द्यापुढे छोटे चित्र द्या आणि नफ्याचा चढता आलेख उजवीकडे ठेवा. फायदा हिरव्या रंगात आणि धोका लाल रंगात दाखवला की साहेबांना न वाचताही कळते.

दुसरी गोष्ट अशी की ही स्लाइड बहुतेक वेळा संगणकावर नव्हे, तर व्हॉट्सॲपवर मोबाइलमध्ये पाहिली जाते. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंच असते. मोबाइल उभा धरला तर ती जवळजवळ एक पंचमांश होते, म्हणजे तुमचे चौदा पॉइंटचे अक्षर तीन पॉइंटच्याही खाली जाते. आडवा धरला तरी निम्म्यापेक्षा कमी उरते. चोवीसच्या खाली अक्षर ठेवू नका. आणि फाइल पीडीएफ करूनच पाठवा, कारण कृतीदेव किंवा श्रीलिपीत टंकलेला मजकूर ज्या संगणकावर तो फाँट नाही, तेथे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतो.

वाशीमकर_सध्या_पुणे
मी मूळचा वाशीम जिल्ह्यातील असून पुण्यात एका सल्लागार कंपनीत अशाच स्लाइडी तयार करतो. कारंजाच्या दादांनी अक्षराच्या आकाराबद्दल सांगितले ते अगदी बरोबर आहे, मात्र चित्रांबद्दल मी असहमत आहे. चोवीस पॉइंटच्या अक्षरात एका स्लाइडवर साधारण साठ-सत्तर मराठी शब्द मावतात आणि फोटो लावला तर त्यातील तिसरा भाग गेला. डाळ कशी दिसते हे बँकेच्या अधिकाऱ्याला ठाऊक आहे.

खरा दोष शीर्षकात आहे. "एक्झिक्युटिव्ह समरी" हे शीर्षक काहीच सांगत नाही. सर्वांत मोठ्या अक्षरातील जागा तुम्ही पानाचे नाव लिहिण्यात घालवली. तेथे संपूर्ण प्रस्तावाचे एक वाक्य हवे, ज्यात कोण, किती, कशासाठी आणि परतफेड कशातून, हे चारही यावे. त्यानंतरचा प्रत्येक मुद्दा त्या वाक्यातील एखाद्या शब्दाचा पुरावा असला पाहिजे, आणि जो मुद्दा कशाचाच पुरावा नाही तो अहवालात जाईल. संचालक मंडळ, ध्येय, रोजगार हे सर्व अहवालात न्या.

आणि स्लाइड इंग्रजीत करा, असे मी सुचवीन.

माजी_कर्ज_अधिकारी
मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कृषी कर्ज विभागात नोकरी केली आणि आता वर्ध्यास निवृत्त जीवन जगतो आहे. अशी पाने वाचणे हेच माझे काम होते, म्हणून पलीकडच्या खुर्चीतून ते कसे दिसते ते लिहितो.

शाखाधिकारी तुमचा प्रस्ताव शिफारशीसह वर पाठवतो. प्रादेशिक कार्यालयातील अधिकारी त्यावर एक टिपण तयार करतो आणि मुख्य व्यवस्थापक किंवा समिती त्या टिपणावर निर्णय घेते. या साखळीत तुम्ही कोठेही समोर बसलेले नसता. म्हणजे ती स्लाइड तुमच्या बोलण्याची सोबतीण नसून तुमच्या अनुपस्थितीत तुमच्यासाठी बोलणारी आहे. सुटे शब्द येथे उपयोगाचे नाहीत. "शासकीय योजनांचा लाभ" असे लिहिले तर कोणती योजना, किती आणि मंजूर की अपेक्षित, हे सांगायला तेथे कोणी नसते. पूर्ण वाक्य लिहिले तर टिपण करणारा अधिकारी ते जसेच्या तसे उचलतो, कारण त्याच्याही टेबलावर आणखी दहा फाइली असतात. माझ्या मते चांगल्या सारांश स्लाइडची खूण हीच, की तिचे वाक्य मंजुरीच्या टिपणात सापडते.

लाल-हिरव्या रंगाबद्दल कारंजाच्या भाऊंना एक सांगतो. त्या पानाची झेरॉक्स काळ्या-पांढऱ्यात निघून फाइलला लागते. रंगाने सांगितलेला अर्थ तेथे संपतो आणि हिरव्या पार्श्वभूमीचा राखाडी ठोकळा होतो. धोका असेल तर तो शब्दांत लिहा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मंजुरी देणाऱ्याच्या मनात कर्जाच्या बाबतीत चार आकडे असतात: किती मागितले, स्वतःचे किती घातले, वर्षाला हप्ता किती आणि तो भरण्यासाठी हाती किती उरते. हे चार आकडे एकमेकांशेजारी दिसले पाहिजेत, कारण अधिकारी ते सुटे वाचत नाही, एकमेकांना लावून पाहतो. तुमच्या स्लाइडवर मागणी नवव्या-दहाव्या ओळीत होती आणि हप्ता कोठेच नव्हता. तुम्ही एका क्विंटलमागे किती राहते ते येथे लिहा, मग पुढे बोलू.

मोर्शी_संत्रा
मी हा धागा बराच वेळ वाचतो आहे. आमच्याकडेही थोडी तूर असते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान मिळते असे ऐकले, तर घरगुती दालमिलसाठी अर्ज कोठे करावा आणि स्लाइड त्यासाठीही लागते का?

माजी_कर्ज_अधिकारी
मोर्शीकर, त्या योजनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान आहे. अर्ज ऑनलाइन असतो आणि कृषी विभागाची जिल्हा पातळीवरील यंत्रणा मदत करते. त्या अर्जाला स्लाइड लागत नाही. हा धागा मात्र वेगळ्या गोष्टीचा आहे, तेव्हा आपण स्वतंत्र धागा काढावा हे बरे.

तूरवाला_दारव्हा
काका, हिशेब देतो. हे आमच्या गेल्या हंगामातील सरासरी दर आहेत. एक क्विंटल तूर ६,९०० रुपयांना, हमाली, वाहतूक व खरेदीखर्च १३० रुपये, भरडाईचा खर्च बारदान्यासह २२५ रुपये, म्हणजे ७,२५५ रुपये. त्यातून ७२ किलो डाळ १०० रुपयांनी ७,२०० रुपये, चुनी व खंडा १४ किलो २५ रुपयांनी ३५० रुपये, टरफल १० किलो ८ रुपयांनी ८० रुपये, आणि ४ किलो घट. एकूण ७,६३० रुपये. क्विंटलमागे ३७५ रुपये राहतात.

वर्षाला ६,००० क्विंटल धरले आहे, म्हणजे २२.५ लाख. पगार, विजेचा स्थिर आकार व खेळत्या भांडवलाचे व्याज मिळून ८ लाख वजा केले की १४.५ लाख उरतात. मुदत कर्जाची मुदत सात वर्षे आणि कृषी पायाभूत सुविधा निधीतून व्याजात ३ टक्के सवलत धरून पहिल्या वर्षाचा हप्ता व्याजासह ९ लाख होतो.

माजी_कर्ज_अधिकारी
कृषी पायाभूत सुविधा निधीची सवलत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर, कमाल सात वर्षांसाठी असते, म्हणून तुमची सात वर्षांची मुदत योग्य आहे. १४.५ भागिले ९, म्हणजे १.६. कोणताही अधिकारी हे पाहून पुढे वाचेल. पहिल्या स्लाइडवर हेच नव्हते.

परंतु तुमचे आकडे शेजारी ठेवल्यावर मला एक विसंगती दिसली आणि ती तुमच्या व्यवस्थापकांनाही दिसेल. ६,००० क्विंटलसाठी वर्षाला सुमारे ४.३५ कोटी रुपये फिरवावे लागतात. तुम्ही ४० लाख मागितले आहेत. म्हणजे तोच पैसा वर्षात अकरा वेळा फिरला पाहिजे. तूर घेतल्यापासून डाळीचे पैसे खात्यात येईपर्यंत तुमच्याकडे किती दिवस जातात?

तूरवाला_दारव्हा
साठ्यात आठ-दहा दिवस, तेल-पाणी लावून उन्हात वाळवणे आणि भरडाई धरून पाच दिवस, आणि व्यापारी पंधरा दिवसांनी पैसे देतात. एक महिना धरा. भरडाई फेब्रुवारी ते जून चालेल.

माजी_कर्ज_अधिकारी
मग पाच महिन्यांत पैसा पाचच वेळा फिरतो. ४० लाखांचे दोन कोटी होतात आणि दोन कोटींत साधारण २,७५० क्विंटल तूर भरडली जाते. हप्ता भरण्यापुरते मात्र किमान साडेचार हजार क्विंटल लागतात. म्हणजे यंत्र उभे राहील आणि तूर घ्यायला पैसे नसतील. बासष्ट पानांच्या अहवालात भरडाईचा आकडा एका तक्त्यात आणि खेळते भांडवल दुसऱ्या तक्त्यात असल्यामुळे हे झाकले गेले. एका पानावर दोन्ही आणले की झाकता येत नाही. व्यवस्थापक लोक पहिले पान का मागतात, याचे उत्तर वेळेच्या टंचाईइतकेच यातही आहे.

अमरावती_सीए
मी या आकड्यांकडे थोडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. काकांचा हिशेब योग्य आहे, तथापि भरडाई दहा महिने चालवली तर ४३-४४ लाखांत काम भागते आणि मूळ मागणी फारशी बदलावी लागत नाही. स्लाइडवर फक्त "फेब्रुवारी ते नोव्हेंबर" असे लिहावे.

बचतगट_ताई_मेळघाट
दादा, मी धारणीकडील आहे. आमच्या बचत गटाकडे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दालमिल आहे. आमचे काम तुमच्या मानाने फारच लहान आहे, तरी दोन गोष्टी सांगते. पावसाळ्यात आमचे काम बंद असते, कारण तेल-पाणी लावलेली तूर वाळवायला ऊनच नसते. ड्रायर घेतला नाही तर दहा महिने भरडाई कागदावरच राहील.

दुसरे म्हणजे ७२ किलो उतारा आम्हाला कधीच पडला नाही. तूर नीट वाळलेली नसेल किंवा चार घरची लहान-मोठी मिसळलेली असेल, तर टरफल सुटत नाही, पुन्हा फिरवावे लागते आणि डाळीचा खंडा होतो. चांगल्या, प्रतवारी केलेल्या तुरीला आमच्याकडे सत्तरच्या आसपास पडतो आणि मिसळीच्या मालाला त्याहून कमी. तुमचे यंत्र मोठे आहे, कदाचित जास्त पडेल. पण हा ७२ चा आकडा तुम्ही कोठून घेतला?

तूरवाला_दारव्हा
ताई, तो यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातील आहे.

माजी_कर्ज_अधिकारी
ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवले. एक किलो डाळ कमी पडली तर १०० रुपये जातात आणि तो किलो चुनीत गेला तर २५ परत येतात, म्हणजे क्विंटलमागे ७५ रुपयांचे नुकसान. ६,००० क्विंटलवर साडेचार लाख. उतारा ७१ झाला तर १४.५ चे १० लाख उरतात आणि गुणोत्तर १.६ वरून १.१ वर येते. ७० झाला तर साडेपाच लाख उरतात आणि ९ लाखांचा हप्ता भरता येत नाही. तुमचा सारा प्रकल्प दोन किलोंवर उभा आहे.

सारांशात धोका लिहावा असे सर्वच सांगतात आणि मग लोक "पावसाचा लहरीपणा, बाजारभावातील चढउतार" असे लिहून मोकळे होतात. त्या ओळीने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण ती कोणत्याही प्रस्तावावर चिकटवता येते. ज्या एका आकड्याच्या हलण्याने निर्णय बदलतो, तो आकडा, त्याची मर्यादा आणि तो तुम्ही कसा तपासला, एवढेच तेथे लिहावे. तुमच्याकडे तो आकडा उतारा आहे. शेजारच्या एखाद्या चालू दालमिलमध्ये तुमच्याच सभासदांची दहा क्विंटल तूर मजुरीवर भरडून घ्या, वजनाच्या पावत्या ठेवा आणि मगच स्लाइडला हात लावा.

अमरावती_सीए
पावसाळ्यातील वाळवणीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तो मान्य आहे. मात्र धोक्याची मर्यादा इतक्या स्पष्टपणे पहिल्या पानावर लिहावी, याला माझा विरोध आहे. अधिकारी नकारासाठी कारण शोधत असेल तर आपण ते त्याच्या हातात देतो. संवेदनशीलतेचा तक्ता अहवालात आहेच, तो पुरेसा आहे.

माजी_कर्ज_अधिकारी
माझा अनुभव उलट आहे. अधिकाऱ्याला स्वतः सापडलेली त्रुटी तो टिपणात लिहितो. अर्जदाराने आधीच लिहिलेली मर्यादा तो अट म्हणून घालतो, उदाहरणार्थ "दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटसोबत उताऱ्याची नोंद द्यावी". अटीसह मंजुरी आणि नकार यांत फरक आहे. पण काही अधिकारी तुम्ही म्हणता तसेही असतात, हे नाकारत नाही.

तूरवाला_दारव्हा
मंडळी, मध्ये बरेच दिवस गेले. आम्ही दहा क्विंटल तूर भरडून घेतली. सभासदांकडून आलेली तूर आधी चाळून, प्रतवारी करून, नंतर वाळवली. उतारा सरासरी ७१ किलो पडला. म्हणजे काकांच्या हिशेबाने गुणोत्तर १.१. संचालक मंडळात काहींचे म्हणणे पडले की डाळीचा दर १०२ धरावा, म्हणजे कागदावर पुन्हा सर्व जुळते.

माजी_कर्ज_अधिकारी
दर वाढवू नका. टिपण करणारा अधिकारी बाजाराचे दर स्वतः पाहतो आणि एक दर फुगवलेला सापडला की बाकीचे सर्व आकडे त्याच नजरेने पाहिले जातात. गुणोत्तर वाढवायचे असेल तर खालचा आकडा कमी करा. ५६ लाखांत शेडचे किती आहेत?

तूरवाला_दारव्हा
१६ लाख. गावातील सेवा सहकारी संस्थेचे गोदाम रिकामे आहे, ते वर्षाला एक लाख भाड्याने मिळू शकते. तसे केले तर प्रकल्प ४० लाखांचा होतो, आमचे १० लाख आणि कर्ज ३० लाख. पहिल्या वर्षाचा हप्ता ६.४ लाख येतो आणि भाडे वजा करून हाती ९ लाख उरतात. गुणोत्तर १.४.

खेळत्या भांडवलासाठी असे ठरवले आहे की सभासदांना तुरीचे ७० टक्के पैसे लगेच आणि उरलेले ३० टक्के डाळ विकल्यावर द्यावेत. दिवसाला ४० क्विंटल, महिनाभराचे चक्र, म्हणजे १,२०० क्विंटलसाठी खरेदीचे ७० टक्के आणि इतर खर्च मिळून सुमारे ६२ लाख लागतात. बँकेचे २५ टक्के मार्जिन धरून आमचे १५ लाख आणि ४७ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा.

नवी स्लाइड अशी केली आहे. शीर्षक चोवीस पॉइंट ठळक अक्षरात आणि बाकी चोवीस साधे.

शीर्षक : "३० लाखांचे मुदत कर्ज व ४७ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मिळाल्यास कंपनी वर्षाला ६,००० क्विंटल तूर भरडून सात वर्षांत कर्ज फेडेल."

मधल्या पट्टीत चार आकडे, डावीकडून उजवीकडे : मागणी ७७ लाख, स्वतःचे २५ लाख, पहिल्या वर्षाचा हप्ता ६.४ लाख, हप्त्यासाठी हाती ९ लाख.

त्याखाली : "उतारा ७१ किलो धरला आहे (दहा क्विंटलची चाचणी, पान १९). तो ७०.४ किलोच्या खाली गेल्यास हप्ता भरणे अवघड होईल, म्हणून खरेदीच्या वेळी प्रतवारी व ओलावा तपासला जाईल."

शेवटी : "विनंती : हंगाम फेब्रुवारीत सुरू होत असल्याने दोन्ही मंजुऱ्या एकत्र मिळाव्यात."

वाशीमकर_सध्या_पुणे
आता हे एका नजरेचे पान झाले. दोन बारीक गोष्टी आहेत. मागणी ७७ लाख हा बेरजेचा आकडा एकटा ठेवू नका, कारण शीर्षकात ३० आणि ४७ आहेत आणि वाचणाऱ्याला मनात बेरीज करून खात्री करावी लागते. "३० + ४७" असेच लिहा. दुसरे म्हणजे अहवालात कर्ज रुपयांत काढले असेल, समजा २९,८६,०००, तर स्लाइडवर ३० लिहू नका. अहवाल आणि स्लाइड यांत एक आकडा जरी वेगळा निघाला तरी फाइल खुलाशासाठी परत येते. शीर्षकही थोडे मोठे करा, ठळकपणा झेरॉक्समध्ये फारसा उठून दिसत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र राहिलाच आहे.

माजी_कर्ज_अधिकारी
त्याचे सरसकट उत्तर नाही. शाखेत मराठी चालते, परंतु प्रादेशिक कार्यालयातील अधिकारी परराज्यातून बदलून आलेला असू शकतो आणि टिपण तर मराठीत नसतेच. शाखाधिकाऱ्यांना विचारून घ्या. दोन भाषांत दोन वेगळी पाने करा, एकाच पानावर दोन्ही भाषा कोंबू नका.

शीर्षकातील "फेडेल" ऐवजी "फेडू शकते" असे लिहावे, असे मला वाटते.

कारंजा_डीटीपी
मी ही स्लाइड बनवून मोबाइलवर पाहिली. आडवा धरल्यावर सर्व वाचता येते. उभा धरल्यावर शीर्षकही वाचता येत नाही, बोटांनी मोठे करावे लागते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवताना हेच चार आकडे आणि शीर्षक संदेशात टंकून, त्याखाली पीडीएफ जोडावी. ओळींमधील अंतर १.२ पट ठेवले, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. फोटो नसल्यामुळे पान मोकळे दिसते, हे माझे मत अजून कायम आहे.

बचतगट_ताई_मेळघाट
दादा, स्लाइड चांगली झाली, पण ७० टक्क्यांची गोष्ट मला पटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी लग्ने असतात, पीककर्जाची फेड असते. त्या वेळी शेजारचा व्यापारी रोख पूर्ण पैसे देत असेल तर सभासद ३० टक्क्यांसाठी महिनाभर थांबतील का? शिवाय २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये आहे आणि तुम्ही खरेदी ६,९०० ने धरली आहे. हमीभावाचे केंद्र सुरू झाले तर लोक तिकडे रांग लावतील. मग तुमचे ६,००० क्विंटल कोठून येणार?

अमरावती_सीए
ताईंचा प्रश्न रास्त आहे. नव्या हिशेबाने ७१ किलो उताऱ्यावर किमान ५,१५० क्विंटल भरडाई झालीच पाहिजे. म्हणजे उताऱ्याइतकाच तुरीचा पुरवठाही नाजूक आहे. मग धोक्याच्या ओळीत कोणता एक ठेवणार? दोन्ही लिहिले तर पान पुन्हा भरून जाईल.

माजी_कर्ज_अधिकारी
मी पुरवठा ठेवीन आणि उतारा चाचणीच्या पान क्रमांकासह आकड्यांच्या पट्टीखाली एका ओळीत नेईन, कारण उतारा तपासून झाला आहे आणि पुरवठा अजून तपासलेला नाही. पण त्यासाठी आधी सभासदांकडून लेखी संमती घ्यावी लागेल की अमुक क्विंटल तूर ७० टक्के आगाऊ रकमेवर कंपनीला देऊ. तो आकडा ५,१५० च्या वर असला तर ती ओळ जोरकस होते. खाली असला तर मागणीच कमी करावी लागेल.

तूरवाला_दारव्हा
संमतीपत्रे घेणे सुरू केले आहे. काही जण ८० टक्के मागत आहेत आणि तसे केले तर महिनाभराच्या चक्राला लागणारी रक्कम वाढून ६२ लाखांऐवजी सुमारे ७१ लाख लागतील, म्हणजे ४७ लाखांची मर्यादा पुरणार नाही. हमीभावाच्या बाबतीत संचालकांचे म्हणणे आहे की केंद्रावर नोंदणी आणि पैसे जमा होण्यास लागणारा वेळ पाहता सर्वजण तिकडे जाणार नाहीत, परंतु मला त्याची खात्री वाटत नाही. कोणाच्या कंपनीने ७०-३० पद्धत प्रत्यक्षात चालवली असेल, तर किती सभासद टिकले ते येथे लिहावे. तोपर्यंत स्लाइडवरील पुरवठ्याची ओळ मी रिकामी ठेवली आहे.